वडील गेल्यावर सातबाऱ्यावर बहिणीचं नाव: हिस्सा किती, नोंद कशी आणि सही कुठे करायची नाही

आधीच सांगते, मी वकील नाही. आईच्या माहेरच्या जमिनीसाठी आणि नंतर मावसबहिणीसाठी तलाठी ऑफिस, तहसील आणि कोर्ट अशा चकरा मारून जे कळलं ते लिहितेय. कायद्यात खूप फाटे आहेत, सगळ्यात शिरत नाही. एकच प्रसंग धरते कारण नव्वद टक्के लोक तिथेच अडकलेले दिसतात: वडील वारले, मृत्युपत्र नाही, शेती गावाला, भाऊ कसतो, बहिणी लग्न होऊन बाहेरगावी. आता पुढे काय?

मावसबहिणीचंच घेऊ. वडील 2019 ला गेले. मागे आई, एक भाऊ आणि दोन बहिणी. जमीन 6 एकर, म्हणजे 240 गुंठे. दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी भाऊ म्हणाला, वारस नोंदीसाठी सही लागते, उद्या तालुक्याला जाऊन येऊ. हे वाक्य लक्षात ठेवा, खाली परत येणार आहे.

आधी हिशोब, वाद नंतर

घरात पहिला वाद हाच सुरू होतो की जमीन वडिलोपार्जित की वडिलांची स्वकष्टार्जित. भाऊ म्हणतो बाबांनी स्वतः घेतली, तुमचा संबंध नाही, बहीण म्हणते आजोबांची आहे, माझा जन्मतः हक्क आहे. आणि गंमत अशी की मृत्युपत्र नसेल, वडिलांची आई हयात नसेल आणि वडील 2005 नंतर गेले असतील तर या वादाने उत्तर बहुतेक बदलतच नाही. करून बघा.

समजा जमीन स्वकष्टार्जित आहे. मग हिंदू उत्तराधिकार कायदा 1956 चं कलम 8 लागतं. पहिल्या वर्गाच्या वारसांना सारखा वाटा, आणि मुलगा, मुलगी, विधवा पत्नी, आई हे सगळे त्या वर्गात येतात. इथे वडिलांची आई हयात नाही, म्हणून आई, भाऊ आणि दोन बहिणी असे चार जण, प्रत्येकी पाव हिस्सा, 60 गुंठे.

आता समजा वडिलोपार्जित आहे. कलम 6 प्रमाणे वडील जाण्याच्या क्षणभर आधी वाटणी झाली असं कागदावर धरायचं. त्या वाटणीत वडील, भाऊ, दोन बहिणी यांना एकेक वाटा, आणि वाटणी होते तेव्हा आपल्याकडे आईलाही मुलाइतका वाटा मिळतो. झाले पाच वाटे, प्रत्येकी 48 गुंठे. आता वडिलांचे 48 उरले, ते मागच्या चौघांत सारखे, म्हणजे 12-12. 48 अधिक 12, परत 60 गुंठेच!

म्हणून मृत्युपत्र नसेल तर या भांडणात वर्ष घालवू नका. फरक कधी पडतो? वडिलांनी मृत्युपत्र केलं असेल, हयातीत जमीन विकली किंवा बक्षीस दिली असेल, किंवा वडील हयात असतानाच तुम्ही हिस्सा मागत असाल तेव्हा. याच जमिनीवर वडिलांनी सगळं भावाच्या नावे मृत्युपत्र केलं असतं तर स्वकष्टार्जित धरून बहिणीला शून्य, कारण स्वतःच्या कमाईचं माणूस कुणालाही देऊ शकतो. वडिलोपार्जित धरून मात्र वडील फक्त स्वतःचे 48 गुंठे लिहून देऊ शकले असते, बहिणीचे 48 तिचेच राहिले असते. आणि वडील हयात असताना स्वकष्टार्जितमध्ये ना मुलाचा हक्क ना मुलीचा, हे भावालाही सांगा, कारण बरेच भाऊ स्वतःला आत्ताच मालक समजतात.

वडिलोपार्जित या शब्दाचाही घोळ आहे. आजोबांची जमीन म्हणजे वडिलोपार्जितच असं नाही. आजोबांनी स्वतः विकत घेतली आणि ते 1956 नंतर मृत्युपत्र न करता गेले तर वडिलांना मिळालेला वाटा कलम 8 ने आला, तो वडिलांच्या हातात त्यांचा स्वतःचा धरतात, सुप्रीम कोर्टाने 1986 पासून हेच सांगितलंय. पणजोबांकडून वाटणी न होता चालत आलेली, किंवा आजोबा 1956 च्या आधी जाऊन वडिलांकडे आलेली जमीन मात्र खरी वडिलोपार्जित. हे कळतं कशावरून? जुन्या फेरफारावरून. "वारसाने" की "खरेदीने" की "वाटपाने", तिथे लिहिलेलं असतं. कूळकायद्यात मिळालेली जमीन असेल तर मात्र ती घराण्याची का एका माणसाची यावर स्वतंत्र वाद होतो, त्यासाठी वकील गाठाच.

तारखांचे गैरसमज, एकदाच मिटवू

गावात सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य: "तुझं लग्न 94 च्या आधी झालं, तुला काही नाही." हे हवेतून आलेलं नाही. महाराष्ट्राने 22 जून 1994 पासून मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क दिला होता आणि त्यात खरोखर अट होती की त्या तारखेआधी लग्न झालेली मुलगी यात बसत नाही. पण 9 सप्टेंबर 2005 पासून केंद्राचा सुधारित कायदा लागू झाला, त्यात लग्नाची अटच नाही. 1980 ला लग्न झालेली बहीण आणि अविवाहित बहीण एकाच रांगेत. काही ऑफिसांत अजूनही 94 चं सांगतात, तेव्हा शांतपणे 2005 चं कलम 6 दाखवा.

दुसरं वाक्य: "वडील 2005 ला जिवंत नव्हते ना, मग नाही." हेही एकेकाळी कोर्टानेच म्हटलं होतं, 2015 साली प्रकाश विरुद्ध फुलावती या निकालात. म्हणून काही वकिलांच्याही डोक्यात ते बसलंय. पण 11 ऑगस्ट 2020 ला विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा निकालात तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने ते रद्द केलं. मुलीचा हक्क जन्मापासून आहे, त्यामुळे वडील 9 सप्टेंबर 2005 ला हयात असायलाच हवेत असं नाही. मुलगी मात्र त्या दिवशी हयात हवी.

याने किती फरक पडला ते बघायचं तर 1978 चा सुप्रीम कोर्टाचा एक प्रसिद्ध निकाल घ्या. वडील 1960 ला गेलेले, मागे बायको, दोन मुलगे, तीन मुली. तेव्हाच्या कायद्याने कागदावरच्या वाटणीत मुली नव्हत्याच, त्यामुळे वडील, आई आणि दोन मुलगे असे चार वाटे. मग वडिलांचा पाव हिस्सा सहा जणांत. मुलीच्या पदरात आला चोविसावा भाग आणि मुलाच्या 24 पैकी 7 भाग. तेच कुटुंब आजच्या कायद्यात बसवलं तर सात वाटे होतात आणि सहाही जणांना सारखा सहावा भाग मिळतो. चोविसाव्याचा सहावा, म्हणजे चौपट.

तिसरी तारीख भावाच्या बाजूची आहे आणि ती मानायला हवी: 20 डिसेंबर 2004. त्या तारखेआधी जमीन विकली गेली असेल, किंवा रजिस्टर वाटपपत्राने नाहीतर कोर्टाच्या हुकूमनाम्याने वाटणी झाली असेल तर ती आता 2005 च्या कायद्याचं नाव घेऊन उकरता येत नाही. इथेच "आमची तोंडी वाटणी 1998 ला झालीय" ही गोष्ट पुढे येते. तोंडी वाटणी सहज मान्य होत नाही. विनीता शर्मा निकालात म्हटलंय की अपवाद म्हणून, तेही सरकारी कागदांनी पक्की शाबीत झाली तरच. म्हणजे तेव्हाच फेरफार पडलेत, सातबारे वेगळे झालेत, असं काही. नुसतं "सगळ्या गावाला माहितीय" चालत नाही.

कागद काढा, भावाला न विचारता

गावचा चालू सातबारा bhulekh.mahabhumi.gov.in वर बघता येतो, गट नंबर माहीत नसेल तर नावानेही शोधता येतं. सोबत 8अ काढा म्हणजे वडिलांच्या खात्यावरचे सगळे गट एका जागी दिसतील, कारण भावाने सांगितलेला एकच गट असतो आणि खात्यावर तीन निघतात. मग जुने फेरफार आणि हस्तलिखित सातबारे, ते ऑनलाईन सापडले नाहीत तर तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करायचा. गावठाणातलं घर असेल तर मिळकत पत्रिका किंवा ग्रामपंचायतीचा नमुना 8.

घराबद्दल एक. पूर्वी कलम 23 होतं, त्यात भाऊ जोवर वाटणी मागत नाहीत तोवर राहत्या घरात मुलीला वाटणी मागता येत नव्हती. 2005 ला ते कलमच काढून टाकलं. तेव्हा "घरात भावाचंच चालतं" हा जुना कायदा झाला.

सातबारा हातात आला की नाव कुठे आहे ते नीट वाचा, फक्त आहे की नाही एवढं बघू नका. बऱ्याच ठिकाणी भावाचं नाव एकत्र कुटुंब मॅनेजर म्हणून मालकाच्या जागी, म्हणजे भोगवटादार रकान्यात, आणि बहिणींची नावं "इतर हक्क" रकान्यात टाकलेली दिसतात. बहिणीला वाटतं नाव लागलं, काम झालं. पण इतर हक्क हा मालकीचा रकाना नाही, तिथे बँकेचा बोजा आणि विहिरीचा हक्कसुद्धा असतो! नाव भोगवटादार रकान्यातच पाहिजे, नसेल तर दुरुस्तीचा अर्ज करायचा.

वारस नोंद

मृत्यूनंतर तीन महिन्यांत कळवायचं असा महसूल कायद्याचा नियम आहे, पण उशीर झाला म्हणून हक्क जात नाही, जास्तीत जास्त थोडी बोलणी खावी लागतात. अर्ज तलाठ्याकडे, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. सोबत मृत्यूचा दाखला, वारसांची ओळखपत्रं आणि सगळ्या वारसांची यादी असलेलं प्रतिज्ञापत्र. खरा खेळ या यादीत असतो. अर्ज बहुतेक वेळा भाऊ करतो आणि यादी त्याचीच असते. त्यामुळे वाट न बघता स्वतः अर्ज द्या आणि पोच घ्या. कोणी बहीण आधीच वारली असेल तर तिच्या मुलांची नावंही यादीत आली पाहिजेत, बहीण गेली की तिचा वाटा भावाला मिळतो हा शुद्ध गैरसमज.

मग वारस रजिस्टरला नोंद, चौकशी, फेरफार लिहिला जातो आणि हितसंबंध असलेल्यांना नोटीस निघते. हरकतीला 15 दिवस असतात. हरकत आली की फेरफार विवादग्रस्त नोंदवहीत जातो आणि सुनावणी होते, नाही आली तर मंडळ अधिकारी मंजूर करतो. आता नोटीस जाते कुठे? माहेरच्या पत्त्यावर, भावाच्या हातात. म्हणून अर्जात स्वतःचा सासरचा पत्ता आणि मोबाईल नंबर लिहून द्या.

नाव न घालता फेरफार मंजूर झालाच तर कळल्यापासून 60 दिवसांच्या आत प्रांताकडे अपील करा, जास्त दिवस झाले असतील तर उशीर माफीचा अर्ज जोडायचा. आणि एवढं डोक्यात पक्कं ठेवा की फेरफार म्हणजे मालकी नव्हे, तो महसुलाचा कागद आहे. नाव नसलं म्हणून मालकी गेली नाही आणि भावाचं एकट्याचं लागलं म्हणून तो एकटा मालक झाला नाही. मग एवढी धडपड कशाला? कारण सातबारा एकट्याच्या नावावर असेल तर उद्या तो जमीन विकायला काढतो आणि घेणारा सातबारा बघूनच पैसे देतो, मग तुमचं भांडण भावाशी न राहता तिसऱ्या माणसाशी होतं.

ती सही

आता मावसबहिणीच्या भावाच्या वाक्याकडे. वारस नोंदीची सही, उद्या तालुक्याला. दुसऱ्या दिवशी गाडी तहसीलसमोर न थांबता दुय्यम निबंधक ऑफिससमोर थांबली. तिथे फोटो काढणार, अंगठा घेणार, दोन साक्षीदार आधीच येऊन बसलेले. तिने मला फोन केला, मी एवढंच म्हटलं की वारस नोंदीला रजिस्ट्रार ऑफिस लागत नाही, गाडीत बसून परत ये. ती परत आली. भाऊ सहा महिने बोलला नाही, ते सोडा.

तर ओळखायची खूण हीच आहे. वारस नोंद तलाठी आणि मंडळ अधिकाऱ्याकडे होते. जिथे कॅमेऱ्यासमोर फोटो आणि बोटाचा ठसा घेतात तिथे तुम्ही दस्त रजिस्टर करताय, आणि तो बहुधा हक्कसोडपत्र असतो, नाहीतर मुखत्यारपत्र. हक्कसोड वाईट असतं असं मी म्हणत नाही, बहिणीला मनापासून द्यायचा असेल तर तिचा हक्क आहे. पण कळून द्या. पूर्ण वाचा, कोणाच्या लाभात आहे ते बघा, कोणकोणते गट लिहिलेत ते बघा, कारण एका गटाचं सांगून "व इतर सर्व मिळकती" असं एक वाक्य शेवटी घुसवलेलं असतं.

उलट बाजूही सांगते. जमिनीचं हक्कसोड रजिस्टरच व्हावं लागतं. स्टॅम्पपेपरवर लिहून नोटरी केलेलं, किंवा वहीच्या कागदावर "मला हिस्सा नको" असं 15 वर्षांपूर्वी लिहून घेतलेलं असेल तर त्याने हक्क सुटत नाही. आणि "लग्नात सोनं दिलं, हुंडा दिला, तोच तुझा हिस्सा" हे तर कायद्यात कुठेच नाही. सही होऊन दस्त रजिस्टर झालाच असेल आणि फसवून घेतला असेल तर दिवाणी कोर्टात रद्द करून मागावा लागतो, फसवणूक कळल्यापासून 3 वर्षांत, आणि शाबीत तुम्हालाच करावी लागते. ते जड जातं, खरंच.

प्रत्यक्ष वाटप

सातबाऱ्यावर चार नावं आली म्हणजे जमीन सामाईक झाली, 60 गुंठे कुठले ते अजून ठरलं नाही. सगळे राजी असतील तर सोपा रस्ता तहसीलदाराकडे, महसूल कायद्याचं कलम 85, सर्व सहहिस्सेदारांच्या संमतीने वाटप. एकाने जरी नाही म्हटलं तरी हे अडतं आणि मग दिवाणी कोर्टात वाटपाचा दावा.

दाव्यात एक चूक सारखी होते. लोक फक्त वादातला गट घालतात आणि घर किंवा दुसऱ्या गावची जमीन सोडतात, मग समोरचा वकील अर्धवट वाटपाचा मुद्दा काढतो. सगळी एकत्र मिळकत घाला आणि सगळ्या हिस्सेदारांना पक्षकार करा, आई आणि दुसरी बहीण तुमच्या बाजूने असल्या तरी. भाऊ विकेल अशी भीती असेल तर दाव्यासोबतच मनाई हुकमाचा अर्ज द्या, आणि दावा प्रलंबित असल्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे रजिस्टर करा, महाराष्ट्रात ती रजिस्टर नसेल तर मधे घेणारा माणूस "मला माहीत नव्हतं" म्हणून सुटायला बघतो. कोर्ट आधी प्राथमिक हुकूमनामा देतं, त्यात फक्त कोणाचा किती हिस्सा ते ठरतं. मग शेतजमिनीची मोजणी आणि तुकडे पाडायचं काम कलेक्टरकडे जातं. वर्षं जातात, खोटं कशाला सांगू.

खर्चाची भीती मात्र थोडी कमी करा. महाराष्ट्रात बाईने मिळकतीच्या वादात दावा केला तर कोर्ट फीची माफी आहे, 1994 च्या शासनाच्या अधिसूचनेने, वकिलाला आठवण करून द्या. आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात स्त्रियांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मागता येतो.

शेवटी मुदतीचं. "12 वर्षं मीच कसतोय, आता माझीच" असं भाऊ म्हणतो. सामाईक जमिनीत एकाचा ताबा हा सगळ्यांचा ताबा धरतात, नुसतं कसल्याने मालकी होत नाही. पण त्याने तुमचा हिस्साच नाकारला, नोटिशीला "तुमचा काही संबंध नाही" असं लेखी उत्तर दिलं, तर त्या दिवसापासून 12 वर्षांचं घड्याळ चालू झालं समजा. ते उत्तर आलेलं पाकीट, त्यावरच्या पोस्टाच्या शिक्क्यासकट, फाईलला लावून ठेवा.

आणि हे सगळं हिंदू, बौद्ध, जैन, शीख कुटुंबांसाठी आहे. मुस्लिम, ख्रिश्चन, पारशी यांचे नियम वेगळे, आणि अनुसूचित जमातींना हा कायदा थेट लागू नाही, त्यांनी त्यातला माहीतगार वकील बघावा. मावसबहिणीचं नाव 2021 ला भोगवटादार रकान्यात लागलं, 60 गुंठे विहिरीच्या बाजूचे की रस्त्याच्या, त्यावर अजून बोलणी चालू आहेत.